आपल्या भागातले कारागीर: मिरजेतले तंबोऱ्याचे चाचा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या या कारागिरांना सगळे चाचा म्हणतात, म्हणून इथेही तेच. नाव छापू नका, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. फोटोला हो म्हणाले, पण फक्त हातांच्या आणि वाद्याच्या. हा मजकूर छापण्याआधी त्यांना वाचून दाखवला आहे. कमाईबद्दलचं एक वाक्य त्यांनी काढायला लावलं. "कलाकार उपाशी, असलं काही लिहू नका. माझं काम बघा, ते लिहा." ते वाक्य काढलं.

तर, काम.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. खायचा नव्हे, कडू. जाड सालीचा, वाळवलेला. चाचा आधी तो बोटांनी वाजवून बघतात. साल कुठे पातळ आहे, कुठे चीर गेलीय, हे त्यांना आवाजावरून कळतं. मग भोपळा भिजवून, कापून आकारात आणायचा, त्याला लाकडी गळा आणि दांडी जोडायची, पुढून तबली बसवायची. खुंट्या, नक्षी, पॉलिश त्यानंतर.

पण खरा कस लागतो जवारीला. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा अगदी किंचित उतरता घासायचा आणि तार व घोडीच्या मध्ये सुताचा दोरा सरकवायचा. दोरा नेमक्या जागी आला की तार एकदम खुलते आणि एका सुरातून अनेक सूर ऐकू येतात. घोडी जरा जास्त घासली गेली तर पुन्हा पहिल्यापासून. चाचा घासतात, छेडतात, डोळे मिटून ऐकतात, परत घासतात. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नाही. आम्हीही बोललो नाही.

मिरजेत ही कला एकोणिसाव्या शतकात रुजली. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तिचे आद्य कारागीर मानले जातात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं चाचांना समाधान आहे. पण मानांकन गावाचं, जवारी मात्र ज्याची त्याला लावावी लागते, असं ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी मुद्दाम ठेवायला सांगितलं.

दुरुस्तीला तंबोरा न्यायचा असेल तर तारा सैल करून, गवसणीत घालून न्या. आणि कारखान्यात मोबाईल काढण्याआधी विचारा. चाचा बहुतेक वेळा हो म्हणतात. जवारी चालू असेल तर नाही.

पुढचा भाग माण तालुक्यातल्या, घोंगडीची लोकर कातणाऱ्या एका आजींवर करायचा विचार आहे. आजी म्हणाल्या, सुनेला विचारून सांगते. त्यांचा होकार आला तरच तो भाग येईल.