चिलर कक्ष उभारणी : स्थळ निरीक्षण अहवाल, विसंगती व सुधारणा कार्यवाहीचे वेळापत्रक

अहवाल क्रमांक : निरी-०७
निरीक्षणाचा दिनांक : ११ जून २०२५
अहवालाचा दिनांक : १३ जून २०२५
प्रति : प्रकल्प व्यवस्थापक, प्रत : यांत्रिकी कंत्राटदार, विद्युत कंत्राटदार, चिलर पुरवठादाराचा सेवा विभाग
निरीक्षणास उपस्थित : सल्लागारांचे यांत्रिकी अभियंता, यांत्रिकी कंत्राटदाराचे स्थळ अभियंता, मालकातर्फे देखभाल पर्यवेक्षक

१. निरीक्षणाची व्याप्ती

तळमजल्यावरील चिलर कक्षात प्रत्येकी ४०० टन क्षमतेची दोन जलशीतित स्क्रू चिलर यंत्रे, थंड पाण्याचे तीन पंप, कंडेन्सर पाण्याचे तीन पंप आणि त्यांची जोडनळवाहिनी उभारण्यात आली आहे. थंड पाणी ७ अंश सेल्सिअसला बाहेर पडून १२ अंशांना परत यावे, अशी रचना आहे. उभारणी मंजूर आराखड्यांनुसार व चिलर उत्पादकाच्या स्थापना पुस्तिकेनुसार झाली आहे का, आणि ३० जून रोजी नियोजित असलेली पहिली सुरुवात करण्यायोग्य स्थिती आहे का, हे तपासण्यासाठी हे निरीक्षण करण्यात आले.

पहिल्या सुरुवातीस आम्ही संमती देत नाही. ३० जूनची तारीख पाळणे शक्य नाही, आणि ती पाळण्यासाठी खाली दिलेल्या कामांचा क्रम बदलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पंपांचे पाये, पंप व मोटर यांची रेषाजुळणी, झडपांची ठिकाणे आणि नळांचे रंगसंकेत समाधानकारक आहेत. पंपांच्या कपलिंगवरील संरक्षक जाळ्या व्यवस्थित बसवल्या आहेत. या बाबींवर आणखी भाष्य करण्याची गरज नाही.

२. तातडीची बाब

यंत्रे अजून सुरू झालेली नाहीत, म्हणून कक्षात शीतकाचा धोका नाही, असा समज निरीक्षणाच्या वेळी व्यक्त झाला. तो चुकीचा आहे. दोन्ही यंत्रे कारखान्यातून आर-१३४ए शीतक भरूनच आली आहेत आणि नामपट्टीनुसार प्रत्येकात ४०० किलोग्रॅम भरण आहे. म्हणजे सुरक्षा झडपा, गळती आणि वायुवीजन यांचा प्रश्न यंत्रे कक्षात आली त्या दिवसापासूनच लागू झालेला आहे. हे शीतक ज्वलनशील नसले तरी त्याची वाफ हवेपेक्षा सुमारे साडेतीन पट जड असते, ती जमिनीलगत साचते आणि श्वसनासाठी लागणारी हवा बाजूला सारते. उघड्या ज्योतीच्या किंवा वेल्डिंगच्या संपर्कात तिचे विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात. कक्षात त्या दिवशीही नळांचे वेल्डिंग चालू होते. ते आम्ही तेथेच थांबवण्यास सांगितले व स्थळ अभियंत्यांनी ते तत्काळ थांबवले, याची नोंद घ्यावी.

विसंगती क्र. १ आणि २ दूर होईपर्यंत कक्षात कोणतेही उष्ण काम करू नये. कक्षात इतर कामे चालू असताना जमिनीपासून सुमारे ३०० मिलिमीटर उंचीवर फिरता शीतक शोधक ठेवावा आणि तात्पुरता एक्झॉस्ट पंखा सतत चालू ठेवावा.

३. विसंगती

विसंगती क्र. १ (गंभीर) : सुरक्षा झडपांची निर्गम नळी. दोन्ही यंत्रांच्या इव्हॅपोरेटर व कंडेन्सरवरील सुरक्षा झडपांच्या निर्गम नळ्या कक्षातच, जमिनीपासून २.४ मीटर उंचीवर उघड्या सोडलेल्या आहेत. आराखड्यात त्या इमारतीबाहेर, खिडक्या व हवा आत घेणाऱ्या जाळ्यांपासून ६ मीटरपेक्षा अधिक अंतरावर आणि जमिनीपासून ४.६ मीटरपेक्षा अधिक उंचीवर नेण्याची तरतूद आहे. झडप उघडल्यास पूर्ण भरण काही मिनिटांत कक्षात येऊ शकते. शिवाय यंत्र क्र. १ वर दोन झडपांच्या नळ्या एकत्र करून पुढे त्याच व्यासाची एकच नळी ठेवली आहे. दोन्ही झडपा एकाच वेळी उघडल्यास होणाऱ्या दाबऱ्हासाचे गणित सादर केलेले नाही. बाहेरच्या टोकाला पाऊस व पक्षी यांच्यापासून संरक्षण आणि नळीच्या तळाशी साचलेले पाणी काढण्याची सोय आवश्यक आहे. ही नळी बाहेर कार्यशाळेत तयार करून कक्षात केवळ फ्लँजने जोडावी, जेणेकरून कक्षात वेल्डिंग करावे लागणार नाही.

विसंगती क्र. २ (गंभीर) : गळती शोधक व आपत्कालीन वायुवीजन. शीतक शोधक २.२ मीटर उंचीवर, दरवाजाजवळ बसवला आहे. जड वाफ तेथे पोहोचेपर्यंत जमिनीलगत धोकादायक थर तयार झालेला असेल. एक्झॉस्टच्या दोन्ही जाळ्याही छताखालीच आहेत. पंख्याचा मोजलेला प्रवाह सेकंदाला ०.८५ घनमीटर आला. सर्वांत मोठ्या यंत्रातील भरणाचे किलोग्रॅममधील वर्गमूळ काढून त्यास ०.०७ ने गुणल्यास आवश्यक प्रवाह मिळतो. ४०० किलोग्रॅमसाठी तो सेकंदाला १.४ घनमीटर होतो. शोधक ३०० मिलिमीटर उंचीवर, दोन यंत्रांच्या मधल्या जागेत आणावा, किमान एक एक्झॉस्ट जाळी जमिनीलगत घ्यावी, पंखा बदलावा आणि शोधकाच्या इशाऱ्यावर पंखा पूर्ण वेगाने सुरू होऊन कक्षाच्या आत व बाहेर दृक्‌श्राव्य इशारा मिळतो, हे आमच्या समक्ष दाखवावे. पंख्याचा हाताने चालवण्याचा स्विच आणि यंत्रे बंद करण्याचे आपत्कालीन बटण मुख्य दरवाजाबाहेर हवे. सध्या दोन्ही आतच आहेत. हा दरवाजा आतल्या बाजूस उघडतो, तो बाहेर उघडणारा व आपोआप बंद होणारा करावा.

विसंगती क्र. ३ (गंभीर) : नळवाहिनी धुण्याची पद्धत. थंड पाण्याची नळवाहिनी बायपास न लावता थेट इव्हॅपोरेटरमधून पाणी फिरवून धुतल्याचे कंत्राटदाराच्या नोंदवहीवरून दिसते. पंप क्र. २ समोरील स्ट्रेनरची टोपली उघडली असता तिच्यात वेल्डिंगचा कचरा, इलेक्ट्रोडचे तुकडे व गंजाची भुकटी आढळली. स्ट्रेनरने अडवले तेवढे आपल्याला दिसले. त्याच्या जाळीतून निसटलेले कण नळ्यांत गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अशा कणांमुळे नळ्यांच्या आतील पृष्ठभागास इजा होते, उष्णता वहन घटते आणि अखेरीस नळी फुटल्यास पाणी व शीतक एकमेकांत मिसळून संपूर्ण यंत्र निकामी होऊ शकते. म्हणून दोन्ही यंत्रांची पाण्याच्या बाजूची झाकणे काढून नळ्यांची एंडोस्कोपने तपासणी करावी आणि छायाचित्रांसह अहवाल द्यावा. ही तपासणी पुरवठादाराच्या सेवा विभागाच्या उपस्थितीतच व्हावी, कारण हमीचा प्रश्न यातूनच उद्भवणार आहे.

विसंगती क्र. ४ (गंभीर) : नळांची जुळणी व यंत्रावरील भार. यंत्र क्र. २ च्या इव्हॅपोरेटरकडे येणारा २०० मिलिमीटर व्यासाचा नळ यंत्राच्या मुखापासून १८ मिलिमीटर बाजूला आहे आणि ही तफावत लवचीक बेलो ओढून भरून काढली आहे. बेलो कंपन व औष्णिक हालचाल सामावण्यासाठी असतो. जुळणीतील चूक झाकण्यासाठी नाही. नळाचा शेवटचा आधार मुखापासून दूर असल्याने त्याचे वजनही मुखावर येत आहे. नळ कापून पुन्हा जुळवावा, स्वतंत्र आधार द्यावा व बेलो नवीन बसवावा. याच यंत्राखालील दोन स्प्रिंग आयसोलेटरांचे मर्यादा-नट पाणी भरण्यापूर्वीच सैल केल्यामुळे यंत्र एका बाजूस झुकले आहे. ते पुन्हा समतल करून, पाणी भरल्यावरच नट सोडावेत.

विसंगती क्र. ५ (गंभीर) : दाबचाचणी. प्रणालीचा कार्यदाब ८ बार असून चाचणी दीडपट, म्हणजे १२ बारवर झाल्याचे पत्रक सादर झाले. मात्र वापरलेल्या दाबमापकाच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्राची मुदत चाचणीपूर्वीच संपली होती आणि हेडरवरील चार वेल्ड सांधे त्या वेळी इन्सुलेशनखाली झाकलेले होते. जो सांधा डोळ्यांना दिसत नाही त्याची चाचणी झाली, असे म्हणता येत नाही. विसंगती क्र. ४ मुळे नळ कापले जाणार असल्याने चाचणी पुन्हा घ्यावीच लागेल. त्या वेळी सर्व सांधे उघडे ठेवावेत व चिलर यंत्रे वेगळी करावीत.

विसंगती क्र. ६ (मध्यम) : फ्लो स्विच. दोन्ही यंत्रांवरील फ्लो स्विच कोपरवळणापासून केवळ ३५० मिलिमीटरवर आहेत. दोन्ही बाजूंना व्यासाच्या किमान पाचपट, म्हणजे १ मीटर, सरळ नळ लागतो. वळणानंतरच्या खळबळीत स्विच खोटा संकेत देतो आणि प्रवाह नसताना यंत्र चालू राहिल्यास इव्हॅपोरेटरमधील पाणी गोठण्याचा धोका असतो. जागा बदलावी.

विसंगती क्र. ७ (मध्यम) : इन्सुलेशन. आधारांच्या ठिकाणी धातूचा पट्टा थेट नळाला टेकला आहे आणि बाष्परोधक आवरण तुटलेले आहे. कक्षात ३० अंश तापमान व ७० टक्के सापेक्ष आर्द्रता असल्यास दवबिंदू सुमारे २४ अंश येतो. ७ अंशांच्या नळाला टेकलेल्या पट्ट्यावर पाणी सतत सुटेल व पॅनेलवर ठिबकेल. प्रत्येक आधारावर घनदाट इन्सुलेशनचे ठोकळे बसवावेत.

विसंगती क्र. ८ (मध्यम) : देखभालीची जागा. कंडेन्सरच्या नळ्या बाहेर ओढण्यासाठी ३.६ मीटर मोकळी जागा हवी. नव्याने उभारलेल्या केबल ट्रेमुळे २.१ मीटरच उरली आहे. ट्रेचा तेवढा भाग बोल्ट काढून उतरवता येईल असा करावा.

विसंगती क्र. ९ (किरकोळ) : पंप क्र. ३ च्या मोटरची दुसरी भूसंपर्कन पट्टी जोडलेली नाही आणि यंत्र क्र. १ मागील जमिनीचा उतार निचरा नालीच्या विरुद्ध दिशेस आहे.

४. सुधारणा कार्यवाहीचे वेळापत्रक

फिरता शोधक व तात्पुरता पंखा यांत्रिकी कंत्राटदाराने १४ जूनपर्यंत उपलब्ध करावा. विसंगती क्र. १ व २ मधील सर्व कामे २१ जूनपर्यंत पूर्ण व्हावीत. त्यातील इशारे, स्विच व बटणाची जोडणी विद्युत कंत्राटदाराकडे राहील. २३ जूनला आम्ही त्यांची चाचणी पाहू आणि ती समाधानकारक असेल तरच उष्ण कामाची परवानगी पुन्हा दिली जाईल. याच काळात, वेल्डिंग लागत नसल्याने, नळ्यांची एंडोस्कोप तपासणी २० जूनपर्यंत उरकावी.

विसंगती क्र. ४ व ६ साठी २४ जून ते २ जुलै हा अवधी आहे; आयसोलेटरांचे नट मात्र धुण्यानंतर यंत्रांत पाणी भरल्यावरच सोडावेत. ४ जुलैला दाबचाचणी आमच्या समक्ष होईल; दाबमापकाचे वैध प्रमाणपत्र २ जुलैपर्यंत सादर करावे. बायपास लावून नळवाहिनी ५ ते ११ जुलैदरम्यान धुवावी आणि स्ट्रेनरची टोपली लागोपाठ दोन वेळा स्वच्छ निघेपर्यंत ते काम संपले, असे मानू नये. इन्सुलेशन त्यानंतरच सुरू करून १८ जुलैपर्यंत पूर्ण करावे. विसंगती क्र. ८ व ९ विद्युत व यांत्रिकी कंत्राटदारांनी आपापल्या भागापुरत्या १० जुलैपर्यंत मिटवाव्यात.

अंतिम निरीक्षण २१ जुलैला होईल. सर्व गंभीर व मध्यम विसंगती लेखी बंद झाल्यास पहिली सुरुवात २३ जुलैला करता येईल. एंडोस्कोप तपासणीत नळ्यांना इजा आढळल्यास ही तारीख लागू राहणार नाही व पुरवठादाराच्या लेखी मतानंतर नवे वेळापत्रक देण्यात येईल.

प्रत्येक विसंगती बंद करताना कामापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र, संबंधित चाचणीपत्रक आणि स्थळ अभियंत्यांची सही जोडावी. कोणत्याही टप्प्यास विलंब होणार असल्यास मुदत संपण्यापूर्वी लेखी कळवावे.

यांत्रिकी निरीक्षण अभियंता
(सल्लागारांतर्फे)