बचत खात्याचे साठा-प्रवाह चित्र: आवक, जावक आणि शिल्लकेकडून व्याजाकडे जाणारा बाण

बचत खात्याचे हे चित्र घरगुती पातळीवरचे आहे. खात्यात सुरुवातीला ६०,००० एकक आहेत, दरमहा ४,००० भरले जातात, ३,००० काढले जातात आणि शिलकीवर वर्षाला ६ टक्के व्याज मिळते, जे महिन्याच्या शेवटी खात्यात जमा होते. ‘एकक’ म्हणजे कोणतेही चलन. गणितात त्याने फरक पडत नाही.

```
 (~)====[ D ]====>+-------+
                  |       |
                  |   S   |====[ W ]====>(~)
                  |       |     ^ ^
 (~)====[ I ]====>|       |     | |
         ^ ^      +-------+     | w
         | |        |   |       |
         r +--------+   +-------+
               R            B
```

चौकट म्हणजे साठा: S, खात्यातली शिल्लक. दुहेरी रेघ म्हणजे नळी, तिच्यातून खरोखर पैसे वाहतात. नळीवरचा चौकोनी कंस ही झडप, म्हणजे प्रवाहाचा वेग. D हा नियमित भरणा, I हे व्याज, W ही काढणी. (~) म्हणजे ढग: पैसे कुठून आले किंवा कुठे गेले, ते या चित्राच्या हद्दीबाहेर आहे. एकेरी रेघ मात्र पैसे वाहत नाही, फक्त माहिती नेते. r हा व्याजाचा मासिक दर आणि w ही खातेदाराला हवी असलेली काढणी. हे दोन्ही बाहेरून ठरतात.

चौकट, झडप आणि ढग ही चिन्हे अमेरिकी अभियंते जे डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एमआयटीत उभ्या केलेल्या पद्धतीतून आली आहेत. आजच्या प्रतिमान-सॉफ्टवेअरमध्येही थोड्याफार फरकाने तीच दिसतात.

चित्रातली सगळ्यात महत्त्वाची रेघ चौकटीच्या तळातून डावीकडे निघून I च्या झडपेखाली पोचते. शिल्लक किती आहे हे व्याजाच्या झडपेला कळते, झडप तेवढी उघडते, त्यातून आलेले पैसे शिलकीत पडतात आणि शिल्लक वाढल्यामुळे पुढच्या महिन्यात झडप थोडी जास्त उघडते. हा R फेरा, वर्धक फेरा. परिणाम असा फिरून मूळ साठ्यावर येणे म्हणजेच फीडबॅक. त्याचा अर्धा भाग माहितीचा आणि अर्धा पैशांचा आहे. नवशिक्या इथेच चुकतो: S पासून I कडे तो नळी काढतो. नळी काढली की व्याज मोजण्यासाठी शिलकीतून पैसे बाहेर जातात असा अर्थ होतो आणि हिशेब फुगण्याऐवजी आटतो. शिल्लक नुसती वाचली जाते, वाचल्याने ती कमी होत नाही.

उजवीकडचा B फेरा संतुलक आहे आणि एरवी झोपलेला असतो. हवी तेवढी रक्कम खात्यात असेपर्यंत काढणी w इतकीच होते. शिल्लक अपुरी पडली की S चा बाण W ची झडप आवळतो, म्हणून खाते शून्याखाली जात नाही. ही रेघ न काढताही चित्र बरे दिसते, पण चालवल्यावर शिल्लक बिनदिक्कत उणे होते आणि त्याहून वाईट म्हणजे उणे शिलकीवर उणे व्याज लागू लागते. नकळत कर्जखात्याचे प्रतिमान तयार होते.

समीकरणे अशी:

```
S(0) = 60000
S(t+DT) = S(t) + DT*(D + I - W)
D = 4000
r = 0.005
I = r*S
w = 3000
W = MIN(w, S/DT + D + I)
DT = 1
```

MIN म्हणजे दोहोंतला लहान आकडा, DT म्हणजे हिशेबातली काळाची पायरी. D आणि I कडून W कडे जाणारे माहितीचे बाण वरच्या चित्रात दाखवलेले नाहीत. काळाचे एकक महिना. S चे माप ‘एकक’, D, I आणि W यांचे ‘एकक प्रति महिना’, r चे ‘प्रति महिना’. r ला S ने गुणले की ‘एकक प्रति महिना’ मिळायलाच हवे. नाही मिळाले तर कुठेतरी वर्ष शिरले आहे. वार्षिक ६ टक्के म्हणून 0.06 थेट टाकले की पहिल्याच महिन्यात ३०० ऐवजी ३,६०० व्याज येते. पहिल्या ओळीचा आकडा हाताने पडताळला तर ही चूक लगेच पकडली जाते.

पहिला महिना: ४,००० + ३०० − ३,००० = १,३०० ची भर, शिल्लक ६१,३००. दुसऱ्या महिन्यात व्याज ३०६.५०, शिल्लक ६२,६०६.५०. पुढे असे:

| महिने | फीडबॅकसह शिल्लक | व्याज कायम ३०० धरल्यास |
|---|---|---|
| १२ | ७६,०३६ | ७५,६०० |
| ६० | १,५०,७०१ | १,३८,००० |
| १२० | २,७३,०४३ | २,१६,००० |

उजवा रकाना म्हणजे तेच चित्र, फक्त S पासून I कडचा बाण पुसलेला. वर्षभरानंतर फरक जेमतेम ४३६ आहे, त्यामुळे छोट्या चाचणीत बाण विसरला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. दहा वर्षांनी तो ५७,००० वर जातो. प्रतिमान बारा महिने चालवून ‘बरोबर आहे’ म्हणणे म्हणूनच धोक्याचे.

आता काढणी ४,५०० करून पाहू. भरणा ४,००० च ठेवला तर खर्च भरण्यापेक्षा ५०० ने जास्त होतो. ही तूट व्याजाने भरून निघायला शिल्लक किती हवी? ५०० ÷ ०.००५ = १,००,०००. खात्यात नेमके एक लाख असतील तर व्याज ५००, तूट ५००, शिल्लक जागच्या जागी. पण हा तोल टिकाऊ नाही. १,१०,००० असतील तर व्याज ५५०, महिन्याला ५० उरतात, आणि ते उरलेलेही पुढे व्याज आणतात. ६०,००० असतील तर व्याज ३००, महिन्याला २०० घटतात, घटलेल्या शिलकीवर व्याज आणखी कमी, म्हणून पुढची घट मोठी. व्याज कायम ३०० राहिले असते तर खाते ३०० महिने टिकले असते. फीडबॅक धरल्यावर ते १८४ व्या महिन्यात रिकामे होते. वर्धक फेरा फक्त वाढवतो असे समजणाऱ्यांना हे उत्तर चुकीचे वाटते. फेरा ज्या दिशेला ढकलले त्या दिशेला वेग देतो, एवढेच त्याचे काम.

दर बदलला तर ही सीमारेषाही सरकते. r = ०.००४ झाला, म्हणजे वार्षिक ४.८ टक्के, तर सीमा १,२५,००० वर जाते. काल वाढणारे १,१०,००० चे खाते आज महिन्याला ६० ने घटू लागते, भरणा किंवा काढणी यांना हात न लावता. चित्रात r वेगळा काढून त्याला स्वतःचा बाण देण्यामागे हेच कारण आहे. तो I च्या समीकरणात आकडा म्हणून दडवला तर असा प्रश्न विचारताच येत नाही.

DT बद्दल. प्रतिमान चालवणारे अचूकतेच्या हौसेने काळाची पायरी लहान करतात. इथे तसे करू नये. व्याज महिन्यातून एकदाच जमा होते, म्हणून DT = 1 आणि ऑयलरची साधी पद्धत, म्हणजे पायरीच्या आरंभीचा वेग पूर्ण पायरीभर धरणे, हीच खात्याची खरी चाल आहे. DT = 0.25 ठेवले तर आठवड्यागणिक चक्रवाढ होते आणि बारा महिन्यांनंतर ७६,०३६ ऐवजी ७६,०६७ येतात. पायरीच्या मधले वेगही हिशेबात घेणारी रुंगे-कुट्टा पद्धत निवडली तर ७६,०७७ च्या आसपास. फरक लहान, पण तो अचूकतेचा नाही, वेगळ्याच खात्याचा आहे. DT = 1 ची एक किंमतही लक्षात ठेवावी: व्याज महिन्याच्या आरंभीच्या शिलकीवर मोजले जाते, त्या महिन्यात भरलेल्या ४,००० वर पहिले व्याज पुढच्या महिन्यात.

काही खात्यांत व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात आणि तीन महिन्यांनी जमा करतात. तेव्हा एक चौकट पुरत नाही. ‘मोजलेले, पण जमा न झालेले व्याज’ ही दुसरी चौकट काढावी. I तिच्यात पडतो आणि तिमाहीच्या शेवटी ती पूर्ण रिकामी होऊन पैसे S मध्ये येतात. पहिली चौकट व्याजाला माहिती देते, दुसरी देत नाही, कारण जमा न झालेल्या व्याजावर व्याज लागत नाही. फेरा तोच राहतो, फक्त त्यात तीन महिन्यांपर्यंतचा विलंब येतो.

भरणाही शिलकीवर अवलंबून ठेवायचा असेल, म्हणजे ‘१,२०,००० चे उद्दिष्ट आहे, चोवीस महिन्यांत अंतर भरायचे’ असे, तर S पासून D कडे आणखी एक बाण निघतो. बहुतेक जण असे लिहितात:

```
D = (120000 - S)/24
```

पहिल्या महिन्याचा भरणा २,५०० येतो आणि सगळे ठीक वाटते. पण आवक २,५०० + ३००, जावक ३,००० (मूळ काढणी धरून), म्हणजे शिल्लक पहिल्याच महिन्यात २०० ने घटते. ती १,२०,००० कडे जातच नाही, ५४,५४५ वर येऊन थांबते. त्या शिलकीला भरणा २,७२७ आणि व्याज २७३ असते, दोन्ही मिळून नेमकी काढणी भागते आणि कुठलाच फेरा पुढे ढकलत नाही. संतुलक फेरा उद्दिष्ट गाठतोच असे नाही. सतत चालू असलेली जावक त्याने आधी भरून काढली नाही तर तो उद्दिष्टाच्या बराच खाली स्थिरावतो. उद्दिष्ट वाढवत नेणे किंवा २४ चा आकडा लहान करणे हा उपाय नाही, त्याने फक्त थांबण्याची जागा वर सरकते. भरण्याला काढणी आणि व्याज यांची माहिती द्यावी लागते:

```
D = W - I + (120000 - S)/24
W = MIN(w, S/DT)
```

भरणा आता W वर अवलंबून आहे, म्हणून W च्या समीकरणातून D आणि I काढले. ते तसेच ठेवले तर दोघे एकमेकांवर अवलंबून राहतात आणि सॉफ्टवेअर समीकरणे सोडवायला नकार देते. आता पहिला भरणा ५,२०० येतो आणि शिल्लक थेट उद्दिष्टाकडे सरकते. चोवीस महिन्यांनी मात्र ती १,२०,००० नसते. दर महिन्याला उरलेल्या अंतराचा चोविसावा भाग भरला जातो, मूळ अंतराचा नव्हे. म्हणून ६०,००० पैकी सुमारे २१,६०० चे अंतर तेव्हाही बाकी असते आणि शिल्लक ९८,४०० च्या जवळ असते. या रूपात R फेरा चित्रात असूनही शिलकीवर त्याचा परिणाम उरत नाही: I आवकीत मिळते आणि D मधून तेवढेच वजा होते. व्याज वाढले की शिल्लक लवकर वाढत नाही, खातेदाराला कमी भरावे लागते.