‘उद्या या’ म्हणणारे नाना

नाना बाइंडरांकडे पुस्तक टाकलं की ते म्हणायचे, ‘उद्या या.’ तो उद्या कधी पंधरवड्याने उजाडायचा, कधी महिन्याने. गेल्या महिन्यात नाना गेले. या लेखासाठी ज्यांना भेटलो त्यांनी आधी या उद्याबद्दल कुरकुर केली, मगच बाकीचं सांगितलं.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी एकदा चिडून विचारलं होतं, “सरळ टाचून द्या ना, काय बिघडतं?” नानांनी टाचलेली एक जाड कादंबरी त्यांच्यापुढे उघडून ठेवली. हात काढला की पुस्तक मिटायचं. “बघा, वाचणाऱ्याशी भांडतंय,” नाना म्हणाले. त्यांचं काम जुजबंदीचं. प्रत्येक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, घडीतून दोऱ्याने शिवायचा, मग खळ, मग रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवायचं. खळ वाळायला लागणारा वेळ त्यांच्या लेखी उशीर नव्हताच.

खळ घरचीच, मैद्याची. कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद. “विषारी ते, म्हणून स्वयंपाकघरातल्या भांड्यांना हात लावायला बंदी होती,” त्यांच्या सूनबाई हसत म्हणाल्या. “तरी माझं एक पातेलं नेलंच. दुसऱ्या दिवशी नवं आणून ठेवलं, पण कबूल काही केलं नाही.”

हाताखाली शिकलेल्या मुलाला सुरुवातीला सुई मिळालीच नाही. पुठ्ठ्याच्या, कागदाच्या पट्ट्या कापायच्या, एका बाजूने ओल्या करायच्या आणि त्या कुठल्या दिशेने वळतात ते बघायचं. वळलेल्या नळीच्या लांबीच्या दिशेने कागदाचे तंतू. ते पुस्तकाच्या पाठीला समांतर हवेत, नाहीतर दमट हवेत पुठ्ठा वाकतो. “कंटाळा यायचा,” तो म्हणाला. “चुकलं की ओरडायचेही फार.” नाना गोड बोलणारे नव्हते, हे इथे लिहायलाच हवं. ते हे काम कुठे शिकले, याच्याही दोन कथा आहेत: नानांच्या पत्नी, काकू, छापखान्यातल्या नोकरीचं सांगतात, हा मुलगा कुणा मामांचं. नानांनी दोघांना वेगवेगळं सांगितलं असणार.

एक निवृत्त शिक्षक वडिलांचा शब्दकोश घेऊन गेले होते. परत मिळाला तेव्हा शिवण पक्की, पण कडा तशाच खडबडीत. मशीनवर कापल्या का नाहीत, म्हणून ते तावातावाने विचारायला गेले. नानांनी बोलण्याऐवजी एक पान उघडलं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत टिपणं होती, अगदी कडेला टेकलेली. कापलं असतं तर ओळींची टोकं गेली असती. “वडिलांनी असं काही लिहून ठेवलंय हे मला माहीतच नव्हतं,” सर म्हणाले. इतकी वर्षं कोश कपाटातच होता.

दुकानात अजून बरीच पुस्तकं पडून आहेत. प्रत्येकात नानांच्या अक्षरातली नावाची चिठ्ठी आहे. काही शिवून तयार आहेत, बाकीची तो मुलगा पुरी करतोय. ज्यांची असतील त्यांनी संध्याकाळी येऊन न्यावीत, असा सूनबाईंचा निरोप आहे. मजुरी चिठ्ठीवर लिहिलेली आहे, तेवढीच द्यायची.