विषय: जानेवारीतली कोकण ट्रिप, घरची ६ माणसं

नमस्कार ताई,

परवा फोनवर तुम्ही म्हणाल्या की घरच्यांचं काय चालते काय नाही ते सगळं मेलवर लिहा, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर बसलो. थोडं लांबण लागलं तर वाचून घ्या.

आम्ही दर्यापूर तालुक्यातले. घरी आई-बाबा, मी, बायको, पोरगी आठवीत, पोरगा तिसरीत. २६ जानेवारीचं झेंडावंदन झालं की निघायचं, कारण पोरगी लेझीमपथकात आहे, ती त्याच्या आधी हलत नाही. तोवर तूर घरात येते, कापसाची शेवटची वेचणीही होते, अन हरभरा सोंगायला वेळ असतो. ढोरांपाशी साळा येऊन राहणार, पण तो ७ दिवसांच्या वर थांबणार नाही, म्हणजे जाणं-येणं धरून ७ दिवस, आठवा नको.

आता मेन गोष्ट. आमचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर थुंकावं लागते, पिकाला दिलं तर जमीन खराब होते. आईनं अर्धं आयुष्य गोड पाण्यासाठी डोक्यावर गुंड वाहला. पोरीनं एक दिवस तिला पुस्तकातून वाचून दाखवलं की मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, चारी बाजूनं समुद्र असून, दूधबाव, दहीबाव अन साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. आई म्हणे, "भर समुद्रात गोड पानी अन आपल्या वावरात खारं? मले दाखव." तेव्हापासून तेच चालू आहे. समुद्र तिनं अजून पाहिला नाही. म्हणून बाकी काहीही कापा, मालवण कापू नका, अन होडीसाठी तिथं एक दिवस जास्तीचा ठेवा, हवा खराब असली तर दुसऱ्या दिवशी जाता येईल. पण आईचे गुडघे गेलेले आहेत, होडीत चढता-उतरताना कोणी हात धरायला पाहिजे अन किल्ल्यात किती चालावं लागते ते आधी विचारून सांगा.

त्याच्यानंतर गणपतीपुळे, ते बाबांसाठी. तिथं डोंगरालाच गणपती मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा पूर्ण डोंगराला, ती बाबा करतील, आई खालीच बसेल. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन जाता जाता. रत्नागिरीचं टिळकांचं घर वेळ उरला तरच.

जायला बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट कोल्हापूरला, बदलायची भानगड नाही. स्लीपर चालते, फक्त आई-बाबांना खालचे बर्थ पाहिजेतच. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडते तर त्याच दिवशी काढा. कोल्हापूरपासून पुढं सगळ्यांसाठी एकच गाडी, ड्रायव्हर घाटात दामटणारा नको. बायकोला आपल्या चिखलदऱ्याच्या रस्त्यानंच ओकाऱ्या होतात, त्यामुळे घाट सकाळी, नाश्त्याच्या आधी. बाबांना शुगर आहे, दर दीड तासाला गाडी थांबवावी लागते. हे ड्रायव्हरला आधीच सांगा, मग तो तोंड वाकडं करणार नाही.

रूम दोन, खालच्या मजल्यावर, आईसाठी कमोड पाहिजेच. एसी नको, बाबांना सर्दी होते. समुद्र खिडकीतून दिसलाच पाहिजे असं नाही, आम्ही तिथं झोपायलाच जाऊ.

जेवणाची जरा गंमत आहे. आई माळकरी, मासे रांधलेल्या भांड्यातलं ती घेत नाही, म्हणून निव्वळ शाकाहारी खानावळ जवळ असावी. ज्वारीची भाकर भेटली तर सोन्याहून पिवळं, ठेचा आम्ही घरून आणतो. मला अन पोरांना मात्र एक दिवस सुरमई खायची आहे, ते आईच्या समोर बोलू नका म्हणजे झालं.

बजेट सगळं धरून ७० हजार. त्यातले ८ हजार मी अडीअडचणीला बाजूला ठेवतो, म्हणजे तुम्ही ६२ हजारात बसवा. अॅडव्हान्स १५ हजार आत्ता देतो, बाकी तूर विकली की. रेल्वेत म्हाताऱ्यांची सवलत बंद झाली, ते धरूनच हिशोब करा.

एक मात्र सांगून ठेवतो. मागे एका टूरवाल्यासोबत आम्ही गेलो होतो, त्यानं देवाच्या नावाखाली चार दिवसात पाच दुकानं दाखवली, साड्या, काजू, कुठली जडीबुटी, अन देवळात वीस मिनिटं. तसं नको. सकाळी एक जागा, दुपारून आराम, संध्याकाळी पोरांना वाळूत खेळू द्या, बस.

प्लॅन झाला की व्हॉट्सॲपवर पाठवा, अक्षर मोठं ठेवा, बाबा स्वतः वाचतात अन मग घरात सगळ्यांना समजावून सांगतात.

गजानन

ता. क. आई विचारते का त्या विहिरीचं पाणी प्यायला देतात का, अन एक बाटली घरी आणता येईल का. तेवढं पक्कं विचारून ठेवा.