मुंबई-गोवा महामार्ग : काम नेमके कुठे अडले?

गणेशोत्सवाच्या आठवड्यात याच जागी आम्ही मुंबई-गोवा महामार्गावर ‘खड्डेभूषण’ या मथळ्याचा अग्रलेख लिहिला होता. लेख उपरोधिक होता. नव्या मुदतीचा मुहूर्त आता पंचांगातच छापावा, ठेकेदारांना मानाचा नारळ द्यावा, अशी वाक्ये त्यात होती. तो वाचून पत्रे पुष्कळ आली. बहुतेकांनी ‘आमच्या मनातले लिहिलेत’ असे कळवले. महाडच्या एका निवृत्त उपअभियंत्यांनी मात्र प्रश्न विचारला : ‘ठेकेदार म्हणजे कोणता? कोणत्या टप्प्याचा? सगळ्यांनाच झोडपले, तर ज्याचे काम खरोखर रखडले आहे तो गर्दीत लपतो.’ या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. म्हणून तोच विषय आज उपरोध बाजूला ठेवून मांडत आहोत. आमचा राग कमी झालेला नाही. तो कोणावर आणि कशासाठी आहे हे आता नेमके सांगायचे आहे.

हा महामार्ग सरकारी कागदोपत्रीही एकच काम नाही. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग १७, आताचा ६६. पळस्पे फाटा ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. रायगडमधल्या इंदापूरपासून सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचा त्याहून कितीतरी लांब भाग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे आहे आणि तो अनेक तुकड्यांत वेगवेगळ्या ठेकेदारांना दिला गेला. पैसा केंद्राचा, देखरेख काही ठिकाणी प्राधिकरणाची आणि काही ठिकाणी राज्याची, भूसंपादन जिल्हा प्रशासनाचे. माणगावात अडकलेल्या प्रवाशाला यातले काही कळायचे कारण नाही. त्याच्या लेखी रस्ता एकच असतो, पण त्याची तक्रार घ्यायला एकही खिडकी नसते.

पळस्पे-इंदापूर टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर ते दिले होते. कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जाणाऱ्या भागाला परवानग्यांचा अडसर आला, भूसंपादन लांबले आणि ठेकेदाराची आर्थिक स्थितीही ढासळली. पुढे हा टप्पा पळस्पे-कासू आणि कासू-इंदापूर असा विभागून काँक्रिटीकरणाला घेण्यात आला. यात वन्यजीव कायद्यामुळे गेलेला वेळ आणि ठेकेदाराच्या कुवतीची पारख न केल्यामुळे गेलेला वेळ वेगळा धरला पाहिजे. पहिला टाळता येण्यासारखा नव्हता. कर्नाळ्याचे जंगल आधीपासून तिथे होते, त्यामुळे त्याची तयारी आधी करता आली असती, एवढेच म्हणता येईल. दुसरा मात्र टाळता आला असता आणि त्याची जबाबदारी निविदा मंजूर करणाऱ्यांवर येते.

भूसंपादनाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण कोकणाबाहेरच्या वाचकाला त्यातली गुंतागुंत सहसा माहीत नसते. इथला सातबारा सामायिक असतो. दहा-बारा गुंठ्यांच्या तुकड्यावर आजोबांच्या भावंडांपासूनची नावे चालत येतात. त्यातले अर्धे लोक मुंबईत, काही परदेशात, काहींच्या वारसनोंदी झालेल्याच नाहीत. कुळाचे नाव इतर हक्कांत, आणि घर तिसऱ्याच्याच ताब्यात. मोबदल्याची नोटीस निघते तेव्हा ती घ्यायला गावात घरटी एखादी म्हातारी असते. तिच्या एकटीच्या सहीने काही होत नाही, आणि हिश्श्यांचा वाद एकदा प्रांत कार्यालयात गेला की पुढची तारीख कोणाच्याच हातात राहत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी २०१५ पासून महामार्गांच्या जमिनींनाही लागू झाल्या. जमीनमालकांच्या दृष्टीने हे न्याय्यच होते. त्यामुळे ‘लोकांनी जमिनी अडवल्या’ हे अधिकाऱ्यांकडून ऐकू येणारे वाक्य जसेच्या तसे मान्य करता येत नाही. बरेचदा लोकांनी अडवले नव्हते, त्यांच्या नोंदी लागत नव्हत्या. वारसनोंदींसाठी गावोगाव शिबिरे घेऊन आणि मुंबईतल्या चाकरमान्यांसाठी तिथेच कागद पुरे करण्याची सोय करून हे काम लवकर उरकता आले असते.

आता झालेल्या कामाबद्दल. आधीच्या लेखाच्या सुरात त्याला जागा नव्हती, पण समतोल लेखात ती द्यावीच लागेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि त्यातली माणसे गेली. त्या जागी वर्षभराच्या आत नवा पूल उभा राहून वाहतूक सुरू झाली. निर्णय, निधी आणि देखरेख एका दिशेने लागले की हीच यंत्रणा वेळेत काम करते, याचा तो पुरावा आहे. पोलादपूर आणि खेड यांच्यामधला कशेडी घाट टाळणारा सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला. २०२३ च्या गणेशोत्सवाआधी त्याची एक बाजू हलक्या वाहनांना खुली झाली आणि घाटातला नागमोडी, धोक्याचा प्रवास काही मिनिटांवर आला. सिंधुदुर्गातला बहुतांश रस्ता चौपदरी झालेला आहे. खारेपाटण ओलांडून कणकवलीकडे जाणारा प्रवासी हा फरक स्वतः अनुभवतो.

मग एकाच रस्त्यावर सिंधुदुर्गात जमले ते रत्नागिरीत आणि रायगडमध्ये का जमले नाही? पाऊस सर्वत्र तसाच आहे, जांभा आणि चिकण मातीही थोड्याफार फरकाने सगळीकडे आहे. फरक ठेकेदाराच्या क्षमतेत आणि त्याच्यावरच्या देखरेखीत पडला, असे आमचे मत आहे. आरवली-कांटे आणि कांटे-वाकेड हे रत्नागिरी जिल्ह्यातले टप्पे वर्षानुवर्षे रखडले आणि ठेकेदार बदलावे लागले. संगमेश्वर, पाली, लांजा इथल्या लोकांनी अर्धवट खांब आणि चिखलाचे पर्यायी रस्ते यांच्यात कित्येक पावसाळे काढले. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग १६ ऑक्टोबर २०२३ रोजी कोसळला. जीवितहानी झाली नाही, पण आधीच जुलै २०२१ च्या महापुरात उद्ध्वस्त झालेल्या शहराच्या मध्यावर हे घडले. परशुराम घाटात डोंगर उभा कापल्यानंतर दरडी कोसळू लागल्या. २०२२ च्या उन्हाळ्यात रोज काही तास घाट बंद ठेवून काम करावे लागले. डोंगर किती उतारावर कापायचा, पाणी कुठून काढायचे, संरक्षक भिंत कधी बांधायची, हे प्रश्न कोकणात कापणीच्या आधी सुटायला हवेत. इथे ते दरड आल्यावर सोडवले गेले.

मुदतींचा विषय आधीच्या लेखात सर्वांत बोचरा होता. त्यातले तथ्य असे : काम डिसेंबर २०२३ पर्यंत पूर्ण होईल, असे राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले होते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जून २०२५ चा उल्लेख केला. २७ ऑगस्ट २०२५ ला गणपती आले, तेव्हा माणगाव आणि इंदापूरचे वळणरस्ते अपुरेच होते आणि या दोन गावांच्या बाजारपेठांतून सारी वाहतूक जात होती. मुदत देणाऱ्यांच्या हेतूबद्दल आम्ही काही म्हणत नाही. पण साडेचारशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या रस्त्याला एकच तारीख देणे, हीच पद्धत सदोष आहे. नव्वद टक्के काम झाले असे सांगितले जाते तेव्हा उरलेल्या दहा टक्क्यांत नेमके वळणरस्ते, पूल आणि जोडरस्ते असतात. वाहतूक अडते ती तिथेच. ती टक्केवारी खरी असूनही प्रवाशाला तिचा उपयोग नसतो.

उत्सवाच्या काळात सरकार काय करते, तेही पाहावे. अवजड वाहनांना बंदी, गणेशभक्तांना टोलमाफी, जादा एसटी आणि रेल्वेगाड्या, २०२५ मध्ये कोकण रेल्वेची कोलाड ते वेर्णा अशी मोटारींसाठी रो-रो सेवा. ही सारी व्यवस्था उपयोगी आहे आणि ती राबवणारे वाहतूक पोलीस व एसटीचे कर्मचारी भर पावसात उभे असतात. त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. पण ही व्यवस्था वर्षातल्या पंधरा दिवसांची आहे. आंबा घेऊन वाशीला निघालेला टेम्पो, चिपळूणहून मुंबईला हलवलेला रुग्ण, रोज माणगावला शिकायला येणारी मुले यांना ती लागू होत नाही.

तेव्हा आमची मागणी उपरोधाविना अशी. प्राधिकरण आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी मिळून या महामार्गाचा किलोमीटरनिहाय तक्ता दर महिन्याला मराठीत प्रसिद्ध करावा. त्यात ठेकेदार कोण, जबाबदार अभियंता कोण, काय शिल्लक आहे, ते कशामुळे शिल्लक आहे, त्या टप्प्याची तारीख कोणती आणि झालेल्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी कधी संपतो, हे सर्व असावे. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. त्या कालावधीत पडलेला खड्डा ठेकेदाराने स्वखर्चाने भरायचा असतो, आणि नागरिकाला ती तारीखच ठाऊक नसेल तर तो दाद कशाच्या आधारे मागणार? २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने रस्त्याची रचना, बांधकाम आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न झाल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. ही तरतूद वापरायची तर कोणत्या किलोमीटरला कोण जबाबदार, हे आधी कळले पाहिजे.

दुसरे म्हणजे नवीन बांधकाम आणि चालू रस्त्याची पावसाळी देखभाल यांचे ठेके आणि हिशेब वेगळे ठेवावेत. काँक्रीटचे मोठे काम ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात नीट होते, हे अभियंत्यांचे म्हणणे रास्त आहे. पण त्या कारणाने जून ते सप्टेंबर पर्यायी रस्ते वाऱ्यावर सोडता येत नाहीत. टोलबाबतही तेच तत्त्व लावावे. ओसरगाव आणि हातिवले इथे टोल सुरू करायला स्थानिकांनी विरोध केला तेव्हा त्यांना विकासविरोधी ठरवण्याचा प्रयत्न झाला. आमच्या मते सलग पूर्ण झालेल्या टप्प्यावर टोल आकारायला हरकत नाही, मात्र त्या टप्प्यात एकही पर्यायी कच्चा रस्ता उरलेला नसावा आणि परिसरातल्या गावांना सवलत असावी. याला टोलविरोधी कार्यकर्ते सहमत होतील असे नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

तिसरी गोष्ट लोकप्रतिनिधींसाठी. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतले आमदार-खासदार वेगवेगळ्या पक्षांचे आहेत आणि पाहणी दौरे प्रत्येकाने केले आहेत. आता एक संयुक्त बैठक माणगावात घ्यावी, दोन्ही यंत्रणांच्या मुख्य अभियंत्यांना बोलवावे आणि इंदापूर व माणगावच्या वळणरस्त्यांची वेगवेगळी लेखी तारीख घ्यावी.

वर मागितलेल्या तक्त्याचा नमुना आम्ही प्राधिकरणाला आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला लेखी पाठवला आहे. त्यांचे उत्तर आले की ते काटछाट न करता याच पानावर छापू. आमच्या एखाद्या विधानाबद्दल त्यांचा आक्षेप असेल, तर तोही शेजारीच प्रसिद्ध होईल.