विषय: पतसंस्थेतील लेखापाल पद – पदविकेच्या निकालाबाबत

महोदया, जाहिरातीत जी.डी.सी. अँड ए. पदविका मागितली आहे. ती आज माझ्या हातात नाही, हे आधीच सांगते. मे महिन्यात सहाही पेपर दिले, निकाल अजून लागायचा आहे. म्हणून बायोडाटात ‘उत्तीर्ण’ न लिहिता ‘निकाल प्रतीक्षेत’ असं लिहिलं आहे. लेखापरीक्षणाचा पेपर जरा जड गेला, बाकीच्यांची चिंता नाही. सध्याच्या पतसंस्थेत रोजकीर्द, तेरीज आणि थकबाकीची यादी मीच सांभाळते; मार्चअखेरच्या ताळेबंदावरच्या लेखापरीक्षकांच्या शंकांची उत्तरंही मीच दिली. परीक्षेच्या प्रवेशपत्राची प्रत सोबत जोडली आहे. निकाल लागताच गुणपत्रक पाठवीन. एखादा विषय राहिला, तर तेही त्याच दिवशी कळवीन. पदविकेशिवाय नेमणूक शक्यच नसेल, तर मुलाखतीआधीच तसं सांगावं, ही विनंती.