नवीन कर्मचाऱ्यांसाठी संवादकौशल्य: अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेचा आराखडा

चाकण येथील वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. सहभागी 18: डिप्लोमा ट्रेनी आणि पहिल्या दोन वर्षांतले कनिष्ठ इंजिनियर. वेळ सकाळी 9 ते दुपारी 1. प्रशिक्षक एक, मदतनीस एक.

या मुलांना बोलता येत नाही, असं नाही. “समजलं का?” असं विचारलं की न समजताही “हो सर” म्हणायची सवय त्यांना लागलेली असते, आणि काम तिथेच बिघडतं. म्हणून चारही तासांत एकच गोष्ट घोटून घ्यायची आहे: ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं. देहबोली, इंग्रजी उच्चार, स्लाइड्स यांना इथे जागा नाही. भाषा मराठी किंवा हिंदी, ज्याला जी सोपी ती. विभागप्रमुखांनी खोलीत बसू नये. ते समोर असले की कुणीही मोकळेपणाने चुकत नाही.

साहित्य: कोरे कागद 60, पेनं 20, दोन वेगवेगळ्या आकृत्यांच्या प्रत्येकी 9 प्रती, हँडओव्हरची दोन प्रकारची कार्डं (प्रत्येकी 3), घड्याळ. खुर्च्या गोलाकार, टेबलं भिंतीला.

9:00–9:15 ओळख. जोडीदाराशी दोन-दोन मिनिटं बोलायचं आणि मग सगळ्यांना त्याची ओळख एका वाक्यात करून द्यायची. लांबू देऊ नका.

9:15–9:55 पाठीला पाठ. नऊ जोड्या पाठमोऱ्या बसवा. एकाकडे चौकोन, त्रिकोण, वर्तुळ आणि दोन बाण असलेली आकृती. दुसऱ्याने ऐकून काढायची. पहिल्या फेरीत प्रश्न विचारायला बंदी, 5 मिनिटं. कागद शेजारी ठेवून 5 मिनिटं तुलना. मग भूमिका बदला, दुसरी आकृती द्या, प्रश्नांना मुभा, 8 मिनिटं. उरलेला वेळ सूचना आणि चर्चेला. पहिल्या फेरीत बहुतेक जण “त्याच्या बाजूला” म्हणतात. डावीकडे की उजवीकडे, किती अंतरावर, हे सांगायचं राहून जातं. चर्चेत दोष सांगणाऱ्यावर ढकलला जातो. तेव्हा ऐकणाऱ्याला विचारा: “दुसऱ्या फेरीत तू नेमका कुठला प्रश्न विचारलास?”

9:55–10:45 शिफ्ट हँडओव्हर. हा दिवसाचा गाभा आहे. वेळ कमी पडला तर दुसरीकडून काढा. सहा-सहांचे तीन संघ, पहिल्याला कार्ड:

“मशीन 7. कूलंट कमी. बोअर मोठा आल्यामुळे 40 नग होल्डवर, रिजेक्ट नाहीत. पुढचा इन्सर्ट 200 नगांनंतर बदलायचा. क्वालिटीला कळवलं आहे. कच्चा माल 4 वाजता येईल.”

पहिल्याने एक मिनिट वाचून कार्ड परत द्यायचं. मग एकाने दुसऱ्याला, बाकीच्यांना ऐकू न येता, एका मिनिटात सांगायचं, शेवटच्याने लिहायचं. जागेसाठी कॉरिडॉर वापरा. सूचना 5, फेरी 10, तुलना 10 मिनिटं. आकडे बदलतातच, पण कारण आधी गळतं: “बोअर मोठा” निघून गेलं की होल्डवरचे नग सहज रिजेक्ट होतात. दुसऱ्या फेरीत नवं कार्ड. प्रत्येकाला दीड मिनिट, आणि ऐकणाऱ्याने परत सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्याला 12 मिनिटं. चर्चा 13.

10:45–11:00 चहा.

11:00–11:50 लेखी निरोप. फळ्यावर लिहा: “सर, मशीनचा परत तोच प्रॉब्लेम. कालपण सांगितलं होतं. अर्जंट.” काय कळत नाही, ते 10 मिनिटं शोधू द्या. मग प्रत्येकाने 15 मिनिटांत चार ओळींत नव्याने लिहायचं. तपशील त्यांनीच ठरवावेत. नमुना त्यानंतरच दाखवा:

“लाइन 2, मशीन 7: सकाळी 10:20 पासून स्पिंडलचा आवाज.
मशीन बंद ठेवलं आहे.
12 पर्यंत सुरू न झाल्यास आज 60 नग कमी पडतील.
मेंटेनन्सने 11 पर्यंत येऊन पाहावं.”

आधी दाखवला तर सगळे तोच उतरवतात. शेवटच्या 25 मिनिटांत कागद बदलून, “हे वाचून मी काय करेन” ते शेजाऱ्याने लिहायचं. त्याचं उत्तर चुकलं तर निरोप सुधारायचा.

11:50–12:40 अवघड बोलणं. तिघांचे सहा गट: बोलणारा, वरिष्ठ, निरीक्षक. प्रसंग तीन: काम वेळेत होणार नाही हे सांगणं, हातातलं काम अर्धं असताना दुसरं आलं, सूचना कळली नाही. प्रत्येक प्रसंगाला 4 मिनिटं संवाद, 4 मिनिटं निरीक्षण, मग भूमिका बदला. निरीक्षकाने “छान बोललास” म्हणू नये, कानावर पडलेलं वाक्य जसंच्या तसं लिहावं. बहुतेक जण आधी माफी मागतात आणि मुद्दा शेवटी येतो. उलटा क्रम करून घ्या: काय झालं, कधीपर्यंत होईल, काय मदत हवी. सूचनेला 6, शेवटच्या चर्चेला 20 मिनिटं.

12:40–1:00 समारोप. प्रत्येकाने कागदावर एक ओळ: कुणाशी, कोणत्या कामात, कधीपासून परत सांगणार. “मी संवाद सुधारेन” अशी ओळ परत करा. कागदाची एक प्रत शिफ्ट सुपरवायझरकडे जाईल. त्याने दोन आठवड्यांनी प्रत्येकाचा एक हँडओव्हर उभं राहून ऐकायचा आणि परत सांगितलं की नाही, एवढंच नोंदवायचं.